ओढणी वाऱ्यावर, घेर गिरकीवर

प्रश्न : नळदुर्ग किल्ल्यात गिरकी घेणाऱ्या कथक नर्तकीचं चित्र एआयकडून करून घेतेय. ‘उडणारी ओढणी’ लिहिलं की ती पत्र्यासारखी ताठ येते. काय लिहू?
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : वारा कुठून येतो ते चौकटीच्या हिशेबाने सांगा : ‘डावीकडून हलका वारा, शिफॉनची ओढणी खांद्याला टाचलेली, मोकळं टोक उजवीकडे लांब तरंगणारं.’ केसही उजवीकडेच मागा. ते उलटे उडाले की चित्र फसलंच. जॉर्जेट थोडं जड, तेव्हा लाट आखूड आणि खाली झुकलेली हवी.

घागरा मात्र वाऱ्यावर सोडू नका. जड रेशमी घेर गिरकीनेच फुलतो : ‘कमरेला चापून, काठ गोल उचललेला, चुण्या गिरकीच्या उलट दिशेला रेललेल्या.’