वाक्याचा कर्ता कोठे दडतो?

वसई-विरारच्या मराठी शाळांतून दहावी उत्तीर्ण होऊन पुढे इतिहास, विधी किंवा राज्यसेवेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मुलांचे पालक बहुधा एकच चिंता बोलून दाखवितात: मुलाला शब्द सारे येतात, पण परिच्छेद वाचून झाल्यावर लेखकाने काय म्हटले हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी शब्दकोश आणून देणे किंवा वाचनाचा वेग वाढविण्याचा तगादा लावणे निरुपयोगी ठरते, कारण येथे खोळंबा शब्दांपाशी झालेला नसतो, वाक्याच्या रचनेपाशी झालेला असतो. आपल्या जुन्या शाळांत ‘वाक्यपृथक्करण’ म्हणून जो अभ्यास गुणांपुरता उरकला जाई, त्याचा खरा उपयोग अशा प्रसंगीच होतो.

आपल्या गावाच्या इतिहासातलाच विषय घेऊन, पाठ्यग्रंथांच्या धाटणीने या लेखासाठी रचलेले एक वाक्य पाहू. ‘ज्या दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांशी पुण्याजवळ झालेल्या लढाईत पराभव पत्करून कोकणमार्गे वसईचा आश्रय घेतला, त्याने त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी इंग्रजांशी केलेल्या तहामुळे पेशव्यांच्या परराष्ट्र व्यवहारावर कंपनी सरकारचे नियंत्रण आले, हे मान्य करूनही मराठी सत्तेच्या अस्ताचे सारे कारण त्या एका तहातच शोधणे इतिहासकारांना उचित वाटत नाही.’

घाईने वाचणारा विद्यार्थी हे वाक्य बाजीरावाविषयी आहे असे समजतो आणि वसईच्या तहाने मराठी सत्ता बुडाली, असे उत्तर लिहून मोकळा होतो. वाक्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे.

मराठी वाक्याचे मुख्य क्रियापद सामान्यतः शेवटी येते, म्हणून प्रथम डोळा तेथेच न्यावा. येथे ते ‘वाटत नाही’ असे आहे, आणि नकार तेवढ्या एका शब्दात साठविलेला आहे. मग उलट दिशेने वाचीत जाऊन, जेथे वाक्य पुरे होऊ शकेल अशी आणखी कोणती क्रियापदे आहेत ते पाहावे. ‘घेतला’पाशी आणि ‘आले’पाशी थांबता येते, ‘पत्करून’, ‘झालेल्या’, ‘केलेल्या’, ‘करूनही’ यांपैकी कोठेही थांबता येत नाही. ही क्रियेची रूपे असली तरी वाक्य पुरे करण्याचा अखत्यार त्यांना नाही. त्यांना व्याकरणात कृदन्ते म्हणतात. तेव्हा पुरी क्रियापदे तीन, म्हणून उपवाक्येही तीन. ‘ज्या… त्याने’ ही जोडी पहिल्या उपवाक्याची हद्द दाखविते आणि ‘हे’ हा शब्द दुसऱ्याची.

आता कर्ता. उचित वाटत नाही ते काय? ‘शोधणे’. म्हणजे मुख्य वाक्याचा कर्ता कोणी माणूस नसून एक क्रिया आहे. इतिहासकार ‘ना’ प्रत्यय लावून बाजूला उभे आहेत. मधल्या उपवाक्यातील फसगत मला अधिक बोधप्रद वाटते. ‘त्याने’ हा शब्द कर्त्यासारखा दिसतो खरा, परंतु तो ‘केलेल्या’ या कृदन्ताचा आहे. ‘आले’ ते ‘नियंत्रण’. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी आहे, आणि त्याचा मेळ ‘नियंत्रण’ या शब्दाशीच बसतो. हा मेळ ही मोठी खूण खरी, पण तिला मर्यादा आहे: ‘बाजीरावाने आश्रय घेतला’ यात कर्ता बाजीराव असूनही क्रियापद ‘आश्रया’प्रमाणे चालते. म्हणून नामाला ‘ने’ लागलेला दिसला की क्रियापदाच्या रूपावर विसंबू नये, करणारा कोण हे विचारावे.

एवढे झाल्यावर विद्यार्थ्याने मुख्य वाक्य तेवढे वेगळे लिहावे: ‘सारे कारण एका तहात शोधणे उचित वाटत नाही.’ राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पत्रिकेतील उताऱ्यांवरच्या प्रश्नांत चुकीचे पर्याय पुष्कळदा अशा मधल्या उपवाक्यांतून उचललेले असतात. उपवाक्यात ते खरे असतात, पण लेखकाचे प्रतिपादन ते नसते. पालकांना व्याकरण येत नसले तरी चालेल. ‘वाक्य शेवटी कोठे थांबले, आणि तेथे काय झाले?’ एवढे त्यांनी विचारले तरी मूल योग्य टोकाकडून वाचू लागते.

महाविद्यालयात ग्रंथ इंग्रजी येतात आणि तेथे हीच सवय थोडी बदलावी लागते, कारण इंग्रजीत क्रियापद शेवटी नसून कर्त्यानंतर येते, आणि त्या दोहोंच्या मध्ये लेखक दुसरे वाक्य घुसवितो. ‘द इफेक्ट्स ऑफ द ट्रीटी विच द पेशवा साइन्ड ॲट बसीन वेअर फेल्ट इन पूना’ या वाक्यात मराठी मुलाची दृष्टी ‘पेशवा साइन्ड’वर खिळते, कारण तेथे माणूस आणि क्रिया शेजारी आहेत. परंतु ‘विच’पासून ‘बसीन’पर्यंतचा मजकूर पेन्सिलीने कंसात घातला की ‘वेअर’ हे अनेकवचनी रूप ‘ट्रीटी’ला सोडून ‘इफेक्ट्स’ला जाऊन मिळते, आणि पुण्यात जाणवले ते तहाचे परिणाम, हा अर्थ कागदावर दिसू लागतो.