तीस माणसांची भजी, किती पाणी नि किती तेल

सायलीने वहीत दोनच ओळी लिहून आणल्या होत्या: ‘३० माणसं. बेसन किती, पाणी किती, तेल किती?’ पिंपरीतल्या तिच्या सोसायटीच्या गच्चीवर पहिल्या पावसाच्या निमित्ताने संध्याकाळी भजी करायची ठरली होती आणि उत्साहाच्या भरात ती जबाबदारी तिने अंगावर घेतली होती. मिरजेच्या कुसुममावशीने वीस वर्षं मुंजी-साखरपुड्यांच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. तिने वही बघितली आणि विचारलं, “कुठली भजी? कांद्याची की बटाट्याची?”

“दोन्ही. का, पीठ तेच ना?”

“पीठ तेच, पाणी वेगळं.” मावशीने कट्ट्यावरचा छोटा वजनकाटा पुढे ओढला. काट्यावर वाटी ठेवून तिने बेसन अलगद भरलं, ते भरलं नव्वद ग्रॅम. मग तीच वाटी दोनदा आपटून पुन्हा शिगेपर्यंत भरली. आता काट्यावर एकशे दहा.

“वाटी एकच, पण पीठ वीस ग्रॅमने वाढलं. म्हणून घरी चार माणसांना करताना वाटी चालते, तीस माणसांना वजनानेच घ्यायचं. बटाट्याच्या भज्यांचं गणित सोपं आहे, पिठाच्या वजनाइतकंच पाणी. वाटीने म्हणशील तर दोन वाट्या हलक्या हाताने भरलेल्या पिठाला साधारण एक वाटी पाणी.”

“मग पाककृतीत ‘लागेल तसं पाणी’ का लिहितात?”

“कारण बेसन सगळीकडे एकसारखं नसतं. लाडवाचं रवाळ बेसन पाणी सावकाश पितं, बारीक बेसन लगेच पितं. म्हणून पाऊण पाणी आधी घालायचं, पीठ घट्टसर असतानाच गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं थोडं थोडं. एकदम सगळं पाणी ओतलंस तर गुठळ्या तरंगत राहतात नि फुटत नाहीत. मग दहा मिनिटं झाकून ठेव. पीठ आपोआप थोडं आळतं. शेवटचे दोन चमचे पाणी त्यानंतरच ठरव.”

सायलीने विचारलं, “बरोबर झालं हे कळायचं कसं?”

मावशीने भिजवलेल्या पिठात पळी बुडवून उलटी धरली आणि तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली. रेघ तशीच राहिली. कडेचं पीठ तिच्यावर ओघळून आलं नाही. “हे बरोबर. रेघ बुजली तर पातळ. पळीवरून खाली येताना गोळ्याने पडायला लागलं तर घट्ट. घट्ट पिठाचं भजं वरून तांबूस दिसतं, पण चावलं की बटाट्यालगत कच्चं पीठ दाताला चिकटतं. पातळ पिठाचं तर विचारूच नकोस. चकतीवरून पीठ निसटतं, तेलात तारा सुटतात, आणि भजी तेल पितात.”

इथे सायली थांबली. पातळ पीठ आणि तेल पिणं यांचा संबंध तिला लागत नव्हता. आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो की भजी तेलकट झाली म्हणजे तेलाचाच दोष. तो निम्माच खरा आहे.

“भजं तेलात सोडलं की बुडबुडे येतात ना? ती पिठातल्या पाण्याची वाफ. वाफ बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत येऊ देत नाही. पण पाणी गेलं त्या जागी बारीक पोकळ्या उरतात. भजं बाहेर काढलं की निवायला लागतं, आतली वाफ आकसते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पाणी जास्त तर पोकळ्या जास्त, पोकळ्या जास्त तर तेल जास्त. सोड्याचंही तेच. चिमूट ठीक, अर्धा चमचा घातलास की जाळी होते नि तेल भरून बसते. म्हणून काढताना झारा कढईच्या कडेला टेकवून गरम गरम निथळायचं. ताटात ढीग करून मग कागदावर ठेवण्यात अर्थ नाही, तोवर तेल आत गेलेलं असतं.”

आता हिशेब. माणशी चार बटाट्याची भजी धरली तर एकशेवीस. बेताच्या बटाट्याच्या चांगल्या चकत्या पंधरा, म्हणजे आठ बटाटे. मावशीने दहा लिहायला लावले. एका चकतीला साधारण नऊ ग्रॅम भिजवलेलं पीठ चिकटतं, म्हणजे जवळजवळ अकराशे ग्रॅम. त्यासाठी अर्धा किलो बेसन, पन्नास ग्रॅम तांदळाचं पीठ आणि साडेपाचशे मिलिलिटर पाणी.

“आणि कांद्याच्या भज्यांना?”

“शून्य.”

“शून्य?”

“सव्वा किलो चिरलेला कांदा, अर्धा किलो बेसन. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवलास की तो स्वतःचं पाणी सोडतो. त्यात मावेल तेवढंच बेसन भुरभुरायचं. फारच कोरडं वाटलं तर हात ओला करायचा, बस. आणि मीठ लावलेला कांदा ताटकळत ठेवायचा नाही. एका वेळी दोन घाण्यांपुरताच भिजवायचा.”

बेसन एकूण एक किलो झालं, पण यादीत सव्वा किलो लिहिलं गेलं. बटाट्याचं पीठ पातळ झालंच तर सावरायला कोरडं बेसन हाताशी हवं, आणि तेही थोड्या भिजवलेल्या पिठात वेगळं कालवून मग मिसळायचं.

तेलाशी मावशी जरा जास्त रेंगाळली. तिच्या मते कढईत लागणारं तेल आणि संपणारं तेल हे दोन वेगळे आकडे आहेत आणि नवखी माणसं तिथेच चुकतात. कढईत भजी मोकळी तरंगायला हवीत. सव्वा लिटर तेलात एका वेळी दहा भजी. पंधरा कोंबली तर तेल निवतं, बुडबुडे मंदावतात आणि भजी तेल ओढतात. दहाचा एक घाणा चार-पाच मिनिटांचा. नुसत्या बटाट्याचेच बारा घाणे, म्हणजे एका कढईवर पाऊण-एक तास. पाहुणे तेवढे थांबणार नाहीत, म्हणून कढया दोन. त्यांत मिळून अडीच लिटर. दोन्ही प्रकार मिळून प्रत्यक्ष संपणार सुमारे अर्धा लिटर, तो मधूनमधून भर घालायला. म्हणून एक लिटरच्या तीन पिशव्या.

“तापलं कसं ओळखू?”

“पिठाचा थेंब टाक. तळाला जाऊन लगेच वर आला तर सोड. तळालाच बसला तर थांब. पडताक्षणी लाल झाला तर आच कमी कर. आणि भर घातलीस की पुन्हा थेंब टाकून बघ.”

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सायलीचा फोन आला. भजी पुरली, चार-पाच बटाट्याची उरलीसुद्धा. पण तेल गाळून मोजलं तर दोन लिटर दोनशे मिलिलिटरच भरलं. आठशे संपलं होतं.

“कुठल्या कढईतलं जास्त गेलं?”

“कांद्याच्या. शेवटची भजी तर मऊच पडली.”

“कांद्याला मीठ कधी लावलं होतंस?”

पलीकडे क्षणभर शांतता. “दुपारी. सगळ्या कांद्याला. म्हटलं तयारी करून ठेवू. संध्याकाळी परातीत एवढं पाणी सुटलं होतं, मग उरलेलं पाव किलो बेसनही त्यातच घातलं.”

“म्हणजे खेकडा भजी करायला गेलीस नि गोळा भजी झाली. वर त्या पाण्याची वाफ झाली नि तिच्या जागी तेल गेलं. पुढच्या वेळी कांदा दुपारी चिरून ठेव हवा तर, पण मिठाचा डबा कढई तापत ठेवल्यावरच उघड.”