पाच तास झोप कोणाला पुरते?

दिवेआगरात सुपारीच्या वाडीत राबणारे एक काका आहेत. जवळच्या भरडखोलला त्यांचा एक दोस्त होडीवर खलाशी आहे. दोघेही रात्री दहाला निजतात नि पहाटे तीनला उठतात. झोप झाली पाच तास. दोघेही म्हणतात, "आम्हाला तेवढी पुरते." खलाशीदादा वर सांगतो, "आता सवय झालीय."

या सवयीवर आम्ही विसंबत नाही. अमेरिकेत धडधाकट माणसांना चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. २००३ साली ती हकीकत छापून आली. दिवसेंदिवस त्यांचे लक्ष ढळत गेले. पण त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप आल्यासारखे वाटत नव्हते. उणी झोप अशी फसवते.

मग ओळखायचे कसे? पावसाळ्यात सोय होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. वाडीला शिंपणेही लागत नाही. म्हणून आम्ही दोघांना दोन आठवडे वही लिहायला सांगितली. रात्री ठरल्या वेळी निजायचे. गजर लावायचा नाही, कोणी हाक मारायची नाही. दुपारी निजायचे नाही, दुपारनंतर चहा नाही. कधी निजलो, कधी जाग आली, एवढेच लिहायचे.

खलाशीदादा पहिले चार दिवस नऊ-नऊ तास झोपला. ती मागची थकबाकी होती, म्हणून ते दिवस आम्ही धरले नाहीत. पुढे त्याची झोप साडेसात तासांवर ठरली. ती त्याची खरी गरज. म्हणजे होडी चालू असते तेव्हा तो रोज अडीच तास कमी झोपतो. आता आठवले, श्रीवर्धनच्या एसटीत बसला की लगेच त्याची मान पडते!

काकांची वही पाहा. कामाची घाई नाही, तरी जाग तीनलाच. आणि दिवसभर डुलकी नाही, चिडचिड नाही. चहा मिळाला नाही तरी चालते. लहानपणापासून ते असेच. त्यांची आईही अशीच होती. अशी उपजत कमी झोप घराण्यात उतरते. २००९ साली अमेरिकेत अशाच एका मायलेकींच्या अंगात जन्मजात वेगळेपण सापडले. पण अशी माणसे फार थोडी. गावात पाचजण "मला पुरते" म्हणाले, तर बहुतेक पाचही खलाशीदादासारखेच निघतील.

वही दोघांत न बसणारी माणसेही दाखवते. कोणी अंथरुणात तळमळतो, झोप हवी पण लागत नाही. कोणी आठ तास निजून दिवसा पेंगतो, रात्री मोठ्याने घोरतो नि मध्येच त्याचा श्वास अडतो. अशांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. श्वास अडतो की नाही, हे मात्र घरच्या माणसालाच विचारावे लागते. निजणाऱ्याला ते कळत नाही.