सांध्यावरचे केस

स्ट्रेटनिंग थांबवल्यावर पहिले दोन-तीन महिने काही कळत नाही. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात आणि आमच्यासारखे बारीक वळ्यांचे केस तर वाढले तरी आखडूनच बसतात. मग हळूहळू भांगेच्या दोन्ही बाजूंना गादी आल्यासारखं वाटायला लागतं. वर फुगीर, दाट, बोट न शिरणारं रान आणि खाली खांद्यापर्यंत लोंबणारे सपाट, निर्जीव शेपटे. चंद्रपूरच्या ऑफिसात लोक विचारतात, "बरं नाही का?" सुटीत अल्लापल्लीला गेले तेव्हा मायनं मागून बघितलं आणि म्हणाली, "काहून वो, उंदरानं कुरतडले का केस?"

तिचं निरीक्षण बरोबर होतं. मानेजवळचे केस खरंच तुटले होते आणि सगळे एकाच उंचीवर. तिथेच या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे.

पार्लरमधलं कायमचं स्ट्रेटनिंग, ज्याला कुणी रिबाँडिंग म्हणतं, ते केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतं. थायोग्लायकोलेट असलेल्या क्रीमनं बंध सुटतात, मग गरम प्लेटनं केस सरळ ओढतात आणि न्यूट्रलायझर लावून त्याच सरळ अवस्थेत बंध पुन्हा बसवतात. सगळे बंध पुन्हा जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी केस थोडा कमजोर होतो. बारीक वळ्यांचा केस मुळातच गोल नसतो, चपटा असतो. प्रत्येक वळणावर तो नाजूक असतो आणि टाळूचं तेल त्या वळणांवरून खाली पोचत नाही. अशा केसावर दर सहा-आठ महिन्यांनी मुळांचं 'टच-अप' होतं. क्रीम फक्त नव्या वाढीवर लागायला हवं. माझ्या बाबतीत एका पार्लरमध्ये घाईघाईत ते जुन्या भागावरही ओढलं गेलं आणि एकदा सुटलेले बंध दुसऱ्यांदा सुटले. घरी येऊन धुताना ओला केस च्युइंगमसारखा ताणला जायचा आणि मागे यायचाच नाही. केस असा वागला की समजावं, त्याच्यावर आता कुठलंही रसायन चालणार नाही, दुरुस्तीच्या नावाखालीसुद्धा नाही.

एकदा सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही. कुठलंही तेल, कुठलाही 'कर्ल रिपेअर' मास्क ते करू शकत नाही. केस मृत असतो, जिवंत फक्त मूळ असतं. त्यामुळे एकाच केसावर दोन स्वभाव येतात, वर वळ्या आणि खाली सपाट, आणि दोघांच्या मधल्या सांध्यावर तो सगळ्यात आधी तुटतो. वाढवायच्या काळातली सगळी निगा म्हणजे हा सांधा सांभाळणं.

केस गळताहेत की तुटताहेत हे आधी ओळखावं. पडलेला केस पांढऱ्या कागदावर धरा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळातून आलेला आहे. रोज पन्नास-शंभर असे जाणं स्वाभाविक आहे. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो तुटलेला. आपल्याकडे दोन्हींना 'गळती'च म्हणतात आणि मग तुटणाऱ्या केसासाठी मुळांना तेल चोळलं जातं, ज्याचा काही उपयोग नाही.

सांधा तुटतो तो मुख्यतः विंचरताना. कोरड्या केसात कंगवा घालणं बंदच करावं. केस ओले करून, कंडिशनर भरपूर लावून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर यावं. सांध्याच्या थोडं वर केस मुठीत घट्ट धरावा आणि खालचा भाग सोडवावा, म्हणजे ताण सांध्यापर्यंत जात नाही. एवढ्या एका सवयीनं माझी निम्मी तूट थांबली.

पाण्याचं सांगायला हवं. चंद्रपूरच्या बोअरचं पाणी बऱ्याच वस्त्यांत जड आहे आणि गडचिरोलीकडे काही हापशांचं पाणी बादलीत ठेवलं की लालसर होतं. जड पाण्यात साबणाची वडी वापरली की केसावर राखाडी चिकट थर बसतो आणि वळ्या एकमेकींत अडकतात. साबणाऐवजी सौम्य शाम्पू घ्यावा आणि शेवटच्या धुण्याला मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा गाळलेला रस घालावा. शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. शिकेकाईही चालते, पण खरखरीत पूड डोक्यावर चोळू नये. तिचा चोथा वळ्यांत अडकतो आणि काढताना केस तुटतात. रात्रभर भिजवून, उकळून, गाळलेलं पाणी घ्यावं.

तेलाबाबत आमच्या घरात वाद होता. मायचा विश्वास टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलावर. ते जड असतं, थंडीत तुपासारखं गोठतं. ओल्या केसाच्या टोकांवर हलका हात फिरवायला उत्तम, कारण ते ओल धरून ठेवतं. पण टाळूवर नको. पावसाळ्यात घाम आणि जड तेल एकत्र आलं की कोंडा वाढतो. धुण्याआधी लावायला खोबरेल सरस. २००३ साली मॅरिकोच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात खोबरेलानंच केसातल्या प्रथिनांचं नुकसान कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीतलं आहे हे मनात ठेवूनही तर्क पटण्यासारखा आहे. तेलानं केस 'ओलसर' होत नाही हे मात्र लक्षात ठेवायचं. ओल पाण्याची, तेल फक्त झाकण.

आणि ज्याच्यासाठी दुकानात चार-पाचशे रुपये मोजतात ते 'कर्ल जेल' आपल्या शेतात पिकतं. जवस. दोन मोठे चमचे जवस दीड-दोन कप पाण्यात मंद आचेवर सात ते दहा मिनिटं ढवळत उकळायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळायचं. गार झालं की एक थेंबही खाली येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मे महिन्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, मग फेकून द्यावं. हे जेल लावायचं ते केस निथळत असताना. अर्धवट वाळलेल्या केसावर लावलं तर पांढरी साल सुटते आणि खांद्यावर कोंडा पडल्यासारखा दिसतो.

दोन स्वभावांचे केस एकसारखे दिसावेत यासाठी सरळ करणं हा मार्ग नाही. रोज इस्त्री फिरवली तर नवी वळीही जळते. उलट सगळ्यांनाच वळवायचं. माझ्या भाचीनं हे केलं. ती गडचिरोलीत नर्सिंग शिकते आणि गणवेशात केस बांधलेलेच लागतात, त्यामुळे पूर्ण कापायला ती तयार नव्हती. आठवड्यातून एकदा केस धुऊन तिनं दहा-बारा भाग केले. प्रत्येक भागात जवसाचं जेल, टोकाला टोरीच्या तेलाचा ठिपका आणि मग तीन पेडांची वेणी नाही, दोन पेडांचा पीळ. खालचं सपाट टोक सुटून जातं, म्हणून ते कागदाच्या सुरळीवर गुंडाळून बांधलं. पूर्ण वाळल्यावरच पीळ सोडायचा. आत जरा ओल राहिली तर डोकं अर्ध्या तासात फुगतं. पावसाळ्यात रात्रीतून वाळत नाही, म्हणून जुलैपासून ती रविवारी सकाळी केस धुवायची. सोडलेले पीळ सैल बांधून मानेवर अंबाडा. वर्षभरात नवा भाग ओढून मोजला तर अर्ध्या वितेहून जास्त होता, पण आखडून कानाच्या पाळीपर्यंतच दिसायचा. याच वेळी बहुतेक मुली पुन्हा पार्लर गाठतात. 'वाढतच नाहीत' असं वाटतं, म्हणून महिन्यातून एकदा एक वळी ओढून मोजणं फायद्याचं.

अंबाडा घट्ट नको. कानशिलाजवळ दुखत असेल, बारीक पुटकुळ्या येत असतील किंवा तिथले केस विरळ होत असतील तर ओढ जास्त आहे. ही विरळता सुरुवातीला भरून निघते, पण ओढ वर्षानुवर्षं चालली तर ते केस परत येत नाहीत.

रात्री सुती उशी केसांची ओल शोषते आणि घासते. मला वाटलं होतं, आपल्या आरमोरीचा कोसा बांधावा. आपल्या भागातलं रेशीम, अभिमानाचं. पण कोशाचा धागा जाडसर, खडबडीत असतो. जुन्या सॅटिनच्या परकराचा तुकडा त्याहून बरा.

केराटिन ट्रीटमेंटचं आमिष या काळात हमखास येतं. "हे केमिकल नाही मॅडम, प्रोटीन आहे." अशा कित्येक मिश्रणांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम केल्यावर ते सुटतं. काहींत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा क्रीमनंतर एका तरुणीचं मूत्रपिंड तीनदा बिघडल्याची नोंद केली. करूनच घ्यायचं असेल तर डब्यावरचं वाचावं, आणि नंतर मळमळ, उलटी, कंबरदुखी, लघवी कमी होणं यापैकी काही झालं तर पार्लरवालीला नाही, डॉक्टरला विचारावं आणि काय लावलं होतं ते सांगावं.

कापण्याचे दोन रस्ते. सगळं सपाट एकदम काढून टाकणं सोपं, स्वस्त आणि केसांसाठी उत्तम. पण दोन इंचांचे केस घेऊन अहेरीच्या बाजारात किंवा कुणाच्या लग्नात वावरायचं म्हणजे दहा जण 'टायफॉईड झाला का' विचारणार, हे धरून चालावं. दुसरा रस्ता भाचीचा: दर दोन महिन्यांनी तीन-चार सेंटीमीटर. सपाट भाग स्वतः वाढत नाही, म्हणून जेवढं कापलं तेवढा तो कमी होत जातो. तुटण्याचं प्रमाण कमी होत नसेल तर दुसरा रस्ता सोडून पहिला धरावा.

कापणारीला आधीच सांगून ठेवा की केस ओले करून, ओढून कापायचे नाहीत. ओला, ताणलेला केस तिला खांद्यापर्यंत दिसतो आणि वाळल्यावर हनुवटीवर येऊन बसतो. कोरड्या केसावर, वळी जशी पडते तशी, एकेक बट हातात घेऊन, वळी जिथे संपते तिथे बोट ठेवून कात्री लावायची. चंद्रपुरात हे ऐकून घेणारी मला सहज मिळाली नाही. शेवटी भाचीचे केस आम्ही घरीच कापले, न्हाव्याकडे मिळते तशी धारदार कात्री आणून. घरातल्या कागदाच्या कात्रीनं टोक चिरडतं आणि तिथूनच केस पुन्हा फाटायला लागतो.