उत्तरतालिकेवरील हरकत आणि पाठ्यपुस्तकाचा आधार

वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध करावयाची, तीवर उमेदवारांच्या हरकती मागवावयाच्या आणि त्यांचा विचार करून अंतिम तालिका निश्चित करावयाची, ही पद्धत आता बहुतेक परीक्षा मंडळांनी स्वीकारली आहे. हरकतीसाठी काही दिवसांचीच मुदत असते. या मुदतीत उमेदवार मंडळाला ई-मेल पाठवितो, त्यासोबत पाठ्यपुस्तकाच्या पानाचे छायाचित्र जोडतो आणि आपले काम झाले असे समजतो. परंतु पाठ्यपुस्तकात एखादे वाक्य छापलेले आहे, एवढ्यानेच हरकत सिद्ध होते काय? या प्रश्नाचे उत्तर 2024 सालच्या एका प्रकरणातून स्पष्टपणे मिळते. शाळेत मार्गदर्शन करणारे शिक्षक आणि हरकती तपासणारे अधिकारी या दोघांनीही ते बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे.

एका शब्दाचा फरक

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी 'नीट' ही परीक्षा 5 मे 2024 रोजी झाली. पदार्थविज्ञानाच्या भागात अणूविषयी दोन विधाने दिलेला एक प्रश्न होता. अणूत धन आणि ऋण विद्युतप्रभार समान असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, असा पहिल्या विधानाचा आशय होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, असे दुसरे विधान सांगत होते. पहिले विधान बरोबर व दुसरे चूक, हा चौथा पर्याय. दोन्ही विधाने बरोबर, हा दुसरा पर्याय. तात्पुरत्या उत्तरतालिकेत चौथा पर्याय बरोबर म्हणून दिलेला होता.

त्यावर अनेक उमेदवारांनी हरकत घेतली. त्यांचा आधार साधा होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजेच एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या जुन्या पुस्तकात, 'अणू' या बाराव्या प्रकरणाच्या सारांशात, 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असेच म्हटले होते. नव्या छपाईत त्या जागी 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असा बदल झालेला होता. घरातील थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके वापरून अभ्यास केलेल्या मुलांना हा बदल कळणार कसा, ही त्यांची तक्रार सहानुभूतीने ऐकावी अशीच होती. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ती मान्य केली आणि दोन्ही पर्यायांना गुण दिले.

प्रश्न तेथे मिटला नाही. एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नाला परस्परविरोधी दोन उत्तरे बरोबर कशी, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात उपस्थित झाला. दुसरे विधान एकाच वेळी बरोबर आणि चूक असू शकत नाही. न्यायालयाने 22 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी समितीचे मत आले, की चौथा पर्याय हेच एकमेव योग्य उत्तर होय. या परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. त्यामुळे दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक उमेदवारांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले. पूर्ण गुण मिळविणाऱ्यांची संख्या त्यापूर्वी 61 होती. 26 जुलैच्या सुधारित निकालात ती 17 झाली. हाती आलेले गुण सुमारे सात आठवड्यांनी परत गेले, ही त्या मुलांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

आधार कोठे अपुरा पडला?

पुस्तकातील वाक्य खरोखर छापलेले होते. तरीही तो आधार टिकला नाही. याची कारणे दोन.

पहिले कारण आवृत्तीचे. परीक्षा प्रचलित अभ्यासक्रमावर आणि प्रचलित पुस्तकावर घेतली जाते. एकाच नावाचे, एकाच मुखपृष्ठाचे पुस्तक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा छापले जाते व मधल्या काळात एखादा शब्द दुरुस्त होतो. मुखपृष्ठावर त्याचा मागमूस नसतो. तो शोधण्याची जागा म्हणजे शीर्षकपानामागील पान. प्रथम आवृत्ती व पुनर्मुद्रणांची वर्षे तेथे दिलेली असतात. हरकतीसोबत केवळ मजकुराचे पान जोडले आणि हे पान जोडले नाही, तर तपासणाऱ्याला पुस्तक कोणत्या सालचे हे समजत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या पुस्तकातील ते वाक्य एका विशिष्ट संदर्भात आले होते. रदरफोर्डच्या प्रतिकृतीप्रमाणे केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रात कोसळला पाहिजे. प्रत्यक्षात अणू तसे कोसळत नाहीत, या अर्थाने ते 'स्थिर' म्हटलेले होते. प्रश्नपत्रिकेत मात्र हा संदर्भ नव्हता, आणि संदर्भाशिवाय 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' हे विधान खरे ठरत नाही. रेडियम, पोलोनियम, युरेनियम यांच्या अणूंची केंद्रके आपोआप फुटतात. बेकेरेलने 1896 साली शोधून काढलेली किरणोत्सर्गिता त्याच पुस्तकाच्या पुढील प्रकरणात शिकविलेली आहे. सारांशातील एक वाक्य एका बाजूला आणि त्याच पुस्तकातील संपूर्ण विषय दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती असेल तर सारांशाचे वाक्य टिकत नाही.

न्यायालयाची कसोटी

याउलट, पाठ्यपुस्तकांच्या आधारावरच उमेदवार यशस्वी झाल्याचेही उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेसंबंधी कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक मानला जातो. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी त्यात कसोटी सांगितली, ती अशी. तालिकेतील उत्तर बरोबर आहे असे गृहीत धरावयाचे. ते चूक आहे हे दाखविण्याची जबाबदारी उमेदवाराची. ही चूक लांबलचक तर्काने काढून दाखवावी लागत असेल तर ती पुरेशी नव्हे. त्या विषयाच्या जाणकारांपैकी कोणीही समंजस मंडळी ते उत्तर बरोबर मानणार नाहीत, इतकी ती उघड असली पाहिजे. त्या प्रकरणात विद्यार्थी सर्वसाधारणपणे वापरीत असलेली पाठ्यपुस्तके न्यायालयापुढे आली व त्यांनी शंकेला जागा ठेवली नाही. म्हणून विद्यार्थ्यांची बाजू मान्य झाली. प्रश्नच संदिग्ध असेल तर विद्यापीठाने तत्परतेने तो वगळावा, असेही न्यायालयाने सुचविले. पुढे 2017 साली शिक्षक निवडीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले, की शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा.

या दोन्ही निर्णयांचा उमेदवाराच्या दृष्टीने अर्थ एकच. 'माझेही उत्तर बरोबर असू शकते' ही हरकत दुबळी आहे. 'तालिकेतील उत्तर बरोबर असूच शकत नाही' असे दाखविणारी हरकत सबळ आहे.

हरकतीचा नमुना

हाच प्रश्न ई-मेलने हरकती स्वीकारणाऱ्या एखाद्या मंडळाच्या परीक्षेत आला आणि तात्पुरत्या तालिकेत चुकून दुसरा पर्याय बरोबर दिला गेला, असे समजू. चौथा पर्याय निवडलेल्या उमेदवाराचे पत्र पुढीलप्रमाणे असावे.

> विषय : तात्पुरती उत्तरतालिका, पदार्थविज्ञान, संच 'ब', प्रश्न क्र. 19 संबंधी हरकत
>
> मा. परीक्षा नियंत्रक यांस,
>
> स. न. वि. वि.
>
> माझा आसन क्रमांक व जन्मतारीख खाली दिली आहे. उपरोक्त प्रश्नास तालिकेत पर्याय 2 बरोबर दाखविला आहे. माझ्या मते पर्याय 4 बरोबर आहे.
>
> प्रश्नातील दुसऱ्या विधानात 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर असल्याचे म्हटले आहे. विहित पाठ्यपुस्तकाच्या (एन.सी.ई.आर.टी., पदार्थविज्ञान, इयत्ता बारावी, भाग दोन) प्रचलित छपाईत, प्रकरण 12 च्या सारांशात 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असे शब्द आहेत. जुन्या छपाईत 'प्रत्येक' हा शब्द होता, याची मला जाणीव आहे. तथापि प्रकरण 13 मध्ये वर्णिलेल्या किरणोत्सर्गितेमुळे सदर विधान सर्व मूलद्रव्यांना लागू पडत नाही.
>
> सबब पर्याय 4 हे एकमेव उत्तर मानून तालिका दुरुस्त करावी, ही विनंती.
>
> सोबत : शीर्षकपान, मुद्रणवर्षाचे पान, दोन्ही प्रकरणांतील संबंधित पाने, शुल्काची पावती.
>
> आपला विश्वासू,

या पत्रात चार गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. संच आणि प्रश्नक्रमांक विषयातच दिला आहे, कारण निरनिराळ्या संचांत प्रश्नांचा क्रम बदलतो व क्रमांक चुकला तर हरकत भलत्याच प्रश्नावर नोंदविली जाते. आक्षेप प्रश्नातील एका शब्दावर केंद्रित आहे. आपल्याला प्रतिकूल असलेली जुनी छपाई लपविलेली नाही. ती तपासणाऱ्याला सापडणारच, तेव्हा तिचे उत्तर आधीच दिलेले बरे. शेवटी मागणी नेमकी आहे. दोन्ही पर्यायांना गुण द्यावेत, अशी सोयीची मागणी उमेदवाराने केली असती तर वर पाहिलेलाच पेच पुन्हा उद्भवला असता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मंडळाच्या सूचनेत हरकतीसाठी संकेतस्थळावरील अर्ज विहित केला असेल, तर स्वतंत्र ई-मेल विचारात घेतला जात नाही. 'नीट' 2024 मध्ये अशी हरकत संकेतस्थळावर, प्रत्येक प्रश्नास 200 रुपये परत न मिळणारे शुल्क भरून नोंदवावी लागत होती. म्हणून पत्राचा मसुदा करण्यापूर्वी सूचनापत्र वाचावे.

तपासणाऱ्यांसाठी

हरकत तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही आलेले पान आणि प्रश्न एवढ्यापुरतेच पाहू नये. विहित पुस्तकाची चालू छपाई स्वतः मिळवावी, वाक्याच्या मागचापुढचा मजकूर वाचावा आणि विषयतज्ज्ञाला एकच प्रश्न लेखी विचारावा: हे विधान खरे की खोटे? त्याचे उत्तर निश्चित असेल तर एकच पर्याय कायम करावा. निश्चित नसेल तर प्रश्न वगळावा. दोन विरोधी उत्तरे मान्य करणे हा मधला मार्ग वरकरणी दयाळूपणाचा वाटतो. परंतु बरोबर उत्तर लिहिलेल्या आणि गुण वजा होतील या भीतीने प्रश्न सोडून दिलेल्या उमेदवारांवर त्याने अन्याय होतो.

शाळेच्या ग्रंथालयात जुन्या छपाईच्या प्रती असणे अपरिहार्य आहे. अशा प्रती टाकून देण्याचे कारण नाही. वर्षारंभी शिक्षकाने चालू छपाईची एक प्रत समोर ठेवून प्रकरणांचे सारांश ताडून पाहावेत व बदललेले शब्द जुन्या प्रतींत पेन्सिलीने नोंदवावेत. 'प्रत्येक'च्या जागी 'बहुतेक' अशी एक नोंद त्या वर्षी एखाद्या मुलाचे पाच गुण वाचविण्यास पुरेशी ठरली असती.