जांभ्याची बरणी महिनाभर बंद का?

कसालच्या परिसरात घरे जांभ्या चिऱ्याची. या दगडात युरेनियमपासून झालेले रेडियम अत्यल्प असते. ते मोजण्यासाठी चिऱ्याची पूड हवाबंद बरणीत सुमारे महिनाभर ठेवतात. का बरे?

रेडियमचे अर्धायुष्य 1600 वर्षे, तर त्यापासून होणाऱ्या रेडॉन वायूचे अवघे 3.8 दिवस. आपण मोजतो ते गॅमा किरण मात्र रेडॉनच्या पुढच्या पिढीतील बिस्मथ-214 चे. आणि दगड कुटताना रेडॉन निसटतो! तो सगळाच गेला असे धरू. समजा, बरणीत सेकंदाला रेडियमचे 40 अणू फुटतात, म्हणजे रेडॉनचे 40 जन्मतात. 3.8 दिवसांनी रेडॉनचे सेकंदाला 20 अणू फुटू लागतील, 7.6 दिवसांनी 30, आणि 27 दिवसांनी जवळजवळ 40. जन्म आणि मृत्यू सारखे झाले! रेडियम एवढ्यात घटल्याचे जाणवतच नाही, म्हणून हा चिरंतन समतोल. झाकण गळके असेल, तर आकडा लवकर थबकतो आणि 40 च्या खालीच राहतो. त्यावरून गळती ओळखावी.

जनकच अल्पायुषी असेल तर? दगडातील थोरियमच्या साखळीत शिसे-212 चे अर्धायुष्य 10.6 तास, त्याच्या बिस्मथ-212 चे सुमारे एक तास. शिसे वेगळे काढून ठेवले, तर सात-आठ तासांनी बिस्मथचे अणू शिशाच्या सुमारे 1.1 पट वेगाने फुटताना दिसतात. आता फुटणारे बिस्मथ थोडे आधी, शिसे जास्त असताना जन्मलेले असते ना! पुढे दोघेही दर 10.6 तासांनी निम्मे होतात. हा अल्पकालिक समतोल.