एक पौर्णिमा, दोन पालख्या : सामायिक श्रद्धास्थानांचा अभ्यास

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी आमच्या हिंदमाता भागातल्या चाळींतून दत्तजन्माचे पाळणे हलतात, सुंठवडा वाटला जातो. त्यानंतर एक-दोन दिवसांतच याच वस्तीतली कितीतरी माणसे माहीमच्या जत्रेला निघतात. मगदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढते, बाहेर पाळणे फिरतात, हलव्याची दुकाने लागतात. दत्ताचा सुंठवडा आणि माहीमचा हलवा एकाच घरात, एकाच आठवड्यात येतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

याचा अर्थ काय लावायचा? एक म्हणतो, "बघा, आपल्याकडे भेद असा नव्हताच." दुसरा म्हणतो, "लोकांना कळत नाही, जिथे नवस फळेल तिथे जातात." या दोन्ही उत्तरांत थोडा आळस आहे. भेद नव्हताच म्हणणारा लोकांनी सांभाळलेले नियम पाहत नाही. लोकांना कळत नाही म्हणणारा लोकांना विचारत नाही. मानववंशशास्त्र, म्हणजे माणसांच्या चालीरीती जवळून पाहून समजून घेणारे शास्त्र, सांगते की अशा ठिकाणी आधी पाहावे आणि मग बोलावे. पाहायचे तर तीन प्रश्न हाताशी ठेवावेत : तिथी कोणाची, नाव कोणते आणि मान कोणाकडे?

तिथी कोणाची?

पहिला प्रश्न माहीमला लावून बघू. मुसलमानी हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्याला अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपले पंचांगही चंद्राचेच महिने मोजते, पण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखते.

आता २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षे घ्या. २०२२ साली दत्तजयंती ७ डिसेंबरला होती आणि माहीमची जत्रा लगेच पुढे सुरू झाली. जत्रा हिजरी तिथीने चालत असती, तर २०२३ साली ती ११ दिवस अलीकडे, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली असती. पण २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून दत्तजयंती २६ डिसेंबरला गेली. जत्राही तिच्यामागोमाग डिसेंबरच्या अखेरीस गेली. अलीकडे येण्याऐवजी ती जवळजवळ १९ दिवस पलीकडे सरकली. अधिक श्रावणाचा परिणाम फक्त पंचांगावर होतो. तेव्हा मुसलमान संताच्या नावाची ही जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला बांधलेली आहे, हे वाचकांना घरच्या कॅलेंडरवरूनही पडताळता येईल.

मात्र दर्ग्याच्या आत रमजान, ईद, शबेबरात हे सगळे हिजरी महिन्यांप्रमाणेच चालते. म्हणजे दर्ग्याने आपले कालमान सोडलेले नाही. आतले दिवस आतल्या गणतीने आणि सगळ्या गावाची जत्रा गावाच्या गणतीने, अशी वाटणी आहे. माझा तर्क असा की जत्रेला पावसाळा चालत नाही, चांदणे लागते आणि येणाऱ्यांना तिथी तोंडपाठ असावी लागते. पंचांगाची पौर्णिमा हे सगळे पुरवते.

गुरुवारचेही असेच आहे. आपल्याला गुरुवार दत्ताचा, कारण तो गुरूचा वार. दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी गर्दी होते, त्याचे कारण वेगळे. मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून गुरुवारची संध्याकाळ ही शुक्रवारची, जुम्म्याची, सुरुवात. तिला जुम्मेरात म्हणतात. वार एकच, कारणे दोन. आमच्या मजल्यावरच्या एक आजी गुरुवारी दत्ताची आरती आटोपून माहीमला जात. मी एकदा विचारले, "आजी, दोन्हीकडे कशाला?" त्या म्हणाल्या, "अरे, देवाकडे देवासारखं जायचं, बाबांकडे बाबांसारखं. दोघांना एक कोण म्हणतंय?" दर्ग्यात शिरताना त्या पदर डोक्यावर घेत, आणि तिथला प्रसाद देवघरात न ठेवता वेगळा ठेवत. सीमा त्यांना पक्की ठाऊक होती. ती ओलांडायची कशी, हेही ठाऊक होते.

नाव कोणते?

सामायिक स्थान म्हटले की आपण समजतो, तिथला संत दोन्ही धर्मांची शिकवण एकत्र करणारा असेल. मगदूम साहेब तसे नव्हते. त्यांचा काळ १३७२ ते १४३१. ते कोकणी मुसलमान घराण्यातले, अरबीत लिहिणारे मोठे विद्वान. कुराणावरील त्यांचे भाष्य प्रसिद्ध आहे आणि इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाच्या विचाराचे ते अभ्यासक होते. जत्रेला जाणाऱ्या बहुतेकांनी त्यांचे एक पानही वाचलेले नसते. म्हणजे श्रद्धा सामायिक व्हायला शिकवण मिसळावी लागत नाही. कृती जुळल्या की पुरते.

दर्ग्यावर मिरवत नेतात तो 'संदल', म्हणजे उगाळलेले चंदन. आपल्या माणसाला ती पालखीसारखी दिसते, कारण चंदन, फुले, वाजंत्री आणि मिरवणूक यांची भाषा त्याला येते. मुसलमान भाविकाला तो वलीच्या कबरीचा आदर आहे. कृती एक आणि तिची नावे दोन. दोन्ही नावे शेजारी राहतात, तोवर कोणाला आपला अर्थ सोडावा लागत नाही.

दत्तसंप्रदायाला हे नवे नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, यवन सत्तेच्या चाकरीत. दत्तात्रेयांनी एकनाथांना मलंग फकिराच्या वेषात दर्शन दिले आणि ते ओळखणे त्यांना अवघड गेले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. या कथेचा रस ओळख पटण्यात आहे. फकीर आणि दत्त यांत काहीच फरक नसता, तर परीक्षा कसली? एकनाथांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'तही दोघे आधी कडाडून भांडतात, एकमेकांच्या रीतींतले दोष काढतात, आणि मग समेट होतो. भांडण गाळून समेट दाखवलेला नाही.

गुरुचरित्रातली बिदरच्या राजाची कथाही याच नजरेने वाचावी. पूर्वजन्मीचा रजक श्रीपादांचा भक्त होता. तो यवन राजा होऊन जन्मतो आणि मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन गाणगापुरी येतो. नृसिंहसरस्वती त्याला बरे करतात, त्याच्या नगरीलाही जातात. राजा मात्र यवनच राहतो, त्याला कोणी धर्म बदलायला सांगत नाही. आणि आता ख्याती झाली, राजे येऊ लागतील, ब्राह्मणांना उपद्रव होईल, म्हणून गुप्त राहावे, असे ठरवून श्रीगुरू गाणगापूर सोडून श्रीशैल्याकडे निघतात. कृपा सीमा ओलांडते, पण ग्रंथ त्या ओलांडण्यातली अडचण लपवत नाही.

मान कोणाकडे?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. माहीमच्या जत्रेत पहिला मान माहीम पोलिसांचा. पोलीस ठाण्यातून मिरवणूक निघते आणि गणवेशातले अधिकारी संदल व चादर घेऊन दर्ग्यावर जातात. अधिकारी कोणत्या धर्माचा आहे, हे तिथे पाहिले जात नाही. या मानामागच्या आख्यायिका अनेक आहेत. मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. पहिला मान अशा हातात आहे की दोन समाजांत 'आधी कोण' हा प्रश्नच उठत नाही. दर्ग्याचा कारभार विश्वस्तांकडे, आतले विधी मुसलमानी रीतीने आणि जत्रा सगळ्यांची.

कल्याणजवळच्या मलंगगडावर हे गणित वेगळे आहे. तिथली यात्रा माघ पौर्णिमेची, म्हणजे पुन्हा पंचांगाची. हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली. तिथल्या जमिनीच्या मालकीचा एक वाद १९६८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो मिळकतीचा वाद होता, देव कोणाचा हा त्यात मुद्दा नव्हता. १९८०च्या दशकात आनंद दिघे यांच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले की ही मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. तेव्हापासून माघ पौर्णिमेला गडावर आरती आणि बंदोबस्त असे दोन्ही असते. पूर्वी दोन नावे शेजारी नांदत होती. मग 'खरे नाव एकच' अशी मागणी आली. बिघाड ओळखण्याची खूण हीच : 'तुम्हीही या' हे वाक्य जाऊन 'हे मुळात आमचे' हे वाक्य येते.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांनी २००२ साली पाथर्डी तालुक्यातल्या मढीचा अभ्यास करून एक कठोर मत मांडले. मढीला कानिफनाथ आणि शाह रमजान ही दोन नावे एकाच स्थानाला आहेत. हेडन म्हणतात, अशा ठिकाणचे सहअस्तित्व म्हणजे प्रेम नव्हे. दोन्ही बाजूंना एकमेकांना हटवता येत नाही, तोवरचा तो संयम आहे. बळ एका बाजूला झुकले की संयम संपतो. मलंगगडाकडे पाहिले की हे मत खरे वाटते. ॲना बिगेलो यांनी पंजाबातल्या मालेरकोटल्याचा अभ्यास करून दुसरी बाजू दाखवली : तिथले लोक रोजच्या वागण्यातून शांतता मुद्दाम राखतात. माहीम मला या दुसऱ्या मताजवळ नेते. संयम तिथेही आहे, पण तो नुसता नाइलाज नाही. तिथी, नाव आणि मान यांची वाटणी करून तो घडवलेला आहे, आणि दरवर्षी नव्याने पाळावा लागतो.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. ही ये-जा दोन्ही बाजूंनी सारखी नाही. हिंदू दर्ग्यात जितके जातात, तितके मुसलमान दत्तमंदिरात येत नाहीत. मूर्तीपुढे हात जोडणे त्यांच्या धर्मकल्पनेत बसत नाही, आणि दर्ग्यावर नवस करणेही चूक मानणारे मुसलमान आहेत. आपल्यातही दर्ग्याला जाऊ नये म्हणणारे आहेत. म्हणून 'सगळे एकच' असे म्हणून या दोघांनाही गप्प करता येणार नाही. सामायिक स्थान टिकते ते सीमा पुसल्याने नव्हे. ती सीमा कुठे आहे हे ठाऊक असलेली, आणि तरी आदराने पलीकडे जाऊन परत आपल्या घरी येणारी माणसे असतात, म्हणून ते टिकते.

यंदाच्या पौर्णिमेला वाचकांनी आपल्या गावातले असे एखादे स्थान पाहावे. तिथे नवस काय बोलतात, यापेक्षा हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे कोणी एक जाणकार देणार नाही. फुलवाला, पुजारी, मुजावर आणि मानकरी यांच्याकडून ती तुकड्यातुकड्याने मिळतील.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥